खानावळीतले युनिफॉर्म आणि एप्रन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात दहा-पंधरा माणसांवर चालणाऱ्या खानावळी, मिसळीची दुकानं आणि छोटी हॉटेलं चालवणारे मालक कपड्यांबद्दल जे विचारत राहतात, ते इथे एकत्र केलं आहे. पंचतारांकित हॉटेलाचे नियम इथे मिळणार नाहीत. पैसे मोजके आहेत, माणसं टिकत नाहीत आणि रश्श्याचे डाग रोजचे आहेत, हे धरूनच उत्तरं दिली आहेत. दर उदाहरणापुरते आहेत. आपल्या दुकानदाराचे दर घालून हिशोब पुन्हा करा, रीत तीच राहील.

१. युनिफॉर्म सगळ्यांना हवाच का? नुसते एप्रन दिले तर चालत नाही का?

कायदा युनिफॉर्म मागत नाही, स्वच्छ आणि संरक्षक कपडे मागतो. एफएसएसएआयच्या २०११ च्या परवाना व नोंदणी विनियमांतल्या अनुसूची ४ मध्ये अन्न हाताळणाऱ्याने स्वच्छ संरक्षक कपडे, डोक्यावर आच्छादन आणि गरजेप्रमाणे मास्क, हातमोजे, पादत्राणं वापरावीत असं आहे. रंग एकच असावा, नाव छापलेलं असावं असं त्यात काही नाही. म्हणून पैसे फारच कमी असतील तर आधी एप्रन आणि टोप्या घ्या, त्यातून उरलं तर वाढप्यांचे शर्ट, आणि मग आतल्या माणसांचे.

बहुतेक ठिकाणी हे उलटं होतं. उद्घाटनाला वाढप्यांचे छापील शर्ट झकास येतात आणि आत वस्ताद स्वतःच्या बनियनवर, कमरेला जुना टॉवेल गुंडाळून रस्सा ढवळत असतो. गिऱ्हाइकाला शर्ट दिसतो, पण तपासणीला आलेला अधिकारी आधी आत जातो.

२. माणशी किती सेट लागतात? दोन घेतले तर भागत नाही का?

सेट किती, हे नुसत्या माणसांच्या संख्येवर ठरत नाही. आज अंगातून काढलेला कपडा धुऊन, वाळून, घडी होऊन पुन्हा हातात यायला किती दिवस लागतात, तेवढ्या दिवसांचे कपडे तुमच्याकडे हवेत. उन्हाळ्यात सोमवारी रात्री धुतलेला एप्रन मंगळवारी संध्याकाळपर्यंत वाळतो आणि बुधवारी सकाळी वापरता येतो. म्हणजे सोमवार आणि मंगळवार अशा दोन दिवसांचे कपडे पुरतात.

जुलैत तसं होत नाही. सोमवारी रात्री धुतलेलं मंगळवारी दिवसभर ओलसरच राहतं, बुधवारी वाळतं आणि गुरुवारी हातात येतं, म्हणजे तीन दिवसांचे कपडे लागतात. कोल्हापुरात त्याच दिवसांत आखाड असतो. श्रावण लागायच्या आधी मटणावर ताव मारायला अख्खं गाव बाहेर पडतं, पाऊसही तेव्हाच सर्वात जास्त, आणि एप्रन दुपारीच तांबडे झालेले असतात. सरासरी महिन्याचा हिशोब करून दोन सेट घेतलेला मालक आखाडातच अडकतो आणि ओले कपडे अंगावर वाळवायला लावतो. म्हणून मोजणी आखाडाची करा. श्रावणात मांसाहारी खानावळ अर्धी रिकामी असते, तेव्हा कपडे उरले तर उरू देत. शाकाहारी दुकान असेल तर ही घाई नवरात्रात आणि दिवाळीच्या सुट्टीत येते. तेव्हा ऊन असतं, पण बाई-माणसं जास्तीची लावलेली असतात. त्याबद्दल प्रश्न १३ पाहा.

३. एकदा नीट हिशोब करून दाखवा. बारा माणसं आहेत आणि वीस हजारांच्या वर जायचं नाही.

बारा माणसं अशी धरू: आत वस्ताद आणि हाताखालचे दोन, भाकरीवर दोन मावशी, मोरीवर दोन मावशी, बाहेर चार वाढपी आणि काउंटरवर एक.

आधी पूर्ण एप्रन, म्हणजे गळ्यापासून गुडघ्यापर्यंतचा. वस्ताद आणि दोन्ही मदतनीस दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाला वेगळा एप्रन घेतील, म्हणजे रोज सहा. भाकरीवाल्या मावशींना दिवसाला एक पुरतो, म्हणजे दोन. रोजचे आठ झाले. आखाडाचे तीन दिवस धरून आठ त्रिक चोवीस. उन्हाळ्यात सोळाच लागतील, तरी उरलेले आठ कपाटात बंद करून ठेवू नका. सगळे चोवीस फिरत ठेवले की प्रत्येक एप्रन कमी वेळा धुतला जातो आणि सगळे सारखेच झिजतात.

वाढप्यांचा कमरेचा अर्धा एप्रन इतका मळत नाही. तो दोन दिवस चालतो, दोन दिवस धुण्या-वाळण्यात जातात, तेवढ्यात दुसरा वापरायचा. चार जणांना आठ पुरतात. मोरीला कापडी एप्रन देऊच नका, अर्ध्या तासात चिंब होतो. रेक्झिनचे तीन घ्या. रात्री धुऊन टांगले की सकाळी तयार असतात, तिसरा फाटल्यावर कामाला येतो.

कापडाचा हिशोब पन्ह्यावर बसतो. ५८ इंची पन्हा म्हणजे साधारण १४७ सेंटीमीटर. त्यात ७० सेंटीमीटर रुंदीचे दोन एप्रन शेजारी-शेजारी बसतात. लांबी ९० आणि वर दुमडायला थोडं धरलं की एका मीटरात दोन पूर्ण एप्रन निघतात. अर्धे एप्रन एका मीटरात चार निघतात. चोवीस पूर्णांना बारा मीटर, आठ अर्ध्यांना दोन मीटर, आणि पुढच्या दुरुस्तीसाठी त्याच ताग्यातलं दोन मीटर जास्त: एकूण सोळा. मीटरला १५० रुपये धरले तर २,४०० झाले. बंदांसाठी कापड कापू नका, सुती निवारपट्टी घ्या. पूर्ण एप्रनला अडीच मीटर, अर्ध्याला दोन, एकूण ऐंशी मीटर आणा, सहा रुपये मीटरने ४८० होतात. शिलाई पूर्णाला ६० आणि अर्ध्याला ४० धरली तर १,७६०. रेक्झिनचे तीन मिळून ५४०. एप्रनचं सगळं प्रकरण ५,१८० रुपयांत मिटलं.

आता अंगावरचे कपडे. बाहेरच्या पाच जणांना कॉलरचे टी-शर्ट माणशी तीन, शिवाय एम आणि एल मापाचा एकेक जादा. असे सतरा, ३८० ने ६,४६०. छातीवर नाव छापायला ३० रुपयांनी ५१०. आतल्या तिघांना सुती शर्ट माणशी तीन, ४५० ने ४,०५०. चारही मावशींना साडीवर घालायचे सुती कोट माणशी दोन, ३५० ने २,८००. कोटावर एप्रन असतो आणि मळ एप्रनच खातो, म्हणून कोटाचे दोनच सेट पुरतात. सात जणांना टोप्या आणि डोक्याचे रुमाल माणशी तीन, ४० ने ८४०.

सगळी बेरीज १९,८४० येते. उरलेल्या १६० रुपयांत कपड्यावर लिहायचा पक्का मार्कर आणा.

४. यातूनही कमी करायचं असेल तर कात्री कुठे लावू?

छपाई काढा आणि काउंटरचे तीन टी-शर्ट दोनवर आणा, काउंटरवर घाम आणि डाग दोन्ही कमी. आतल्या माणसांचे शर्ट पुढच्या महिन्यावर ढकलता येतील. पूर्ण एप्रनांची संख्या मात्र कमी करू नका. एप्रन कमी पडले की शर्ट मळतो, आणि शर्टाची किंमत तीन एप्रनांएवढी असते.

५. कापड कोणतं घ्यावं? दुकानदार टेरीकॉटच टिकतं म्हणतो.

दुकानदार खोटं बोलत नाही. पॉलिस्टर जास्त असलेलं टेरीकॉट टिकतं, लवकर वाळतं आणि त्याला इस्त्री फारशी लागत नाही. बाहेरच्या माणसांसाठी ते चांगलंच आहे. भट्टीपुढे मात्र ते नको. पॉलिस्टर साधारण २५५-२६० अंशांना वितळतं आणि वितळलेलं कापड कातडीला चिकटतं. सुती कापडही पेटतं, पण चिकटत नाही, ओढून काढता येतं. म्हणून वस्ताद, तळणीवरचा माणूस आणि भाकरीच्या मावशी यांचा शर्ट, कोट आणि एप्रन तिन्ही सुतीच असावेत. एप्रनला ड्रिल किंवा ट्विल विणीचं, २०० ते २४० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम भरणारं कापड घ्या. त्याहून पातळ घेतलं तर गरम रश्श्याचा शिंतोडा पार अंगापर्यंत जातो. फार जाड घेतलं तर आखाडात ते तीन दिवसांतही वाळत नाही.

सुती म्हणून दिलेलं कापड खरंच सुती आहे का, हे दुकानातच बघता येतं. कडेचे चार धागे उपसा, चिमट्यात धरून पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो, जळक्या कागदाचा वास येतो आणि बोटांत चुरगळणारी राख उरते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला काळा कडक मणी बनतो. मिश्र कापडात थोडी राख आणि थोडे मणी दोन्ही दिसतात. उभे आणि आडवे दोन्ही धागे तपासा, कारण काही कापडांत एका बाजूचा धागा सुती आणि दुसऱ्या बाजूचा वेगळा असतो.

६. गांधीनगरातून तागा आणू, इचलकरंजीचं कापड घेऊ, की सरळ तयार माल मागवू?

बाहेरच्या माणसांचे टी-शर्ट तयारच घ्या. ते शिवून स्वस्त पडत नाहीत, आणि माणूस बदलला तरी माप जुळवायला सोपे जातात. एप्रन आणि मावशींचे कोट मात्र कापड आणून शिवून घेतलेले परवडतात, कारण त्यांत कापड सरळ कापलं जातं आणि शिवणकाम साधं असतं. पंधरा-सोळा मीटर म्हणजे घाऊक बाजारात फार मोठी खरेदी नाही. ओळखीच्या दुसऱ्या खानावळीबरोबर मिळून तागा उचलला तर दर उतरतो.

इचलकरंजीचं मागावरचं कापड घेताना ते कोरं आहे की प्रक्रिया केलेलं, हे विचारा. कोरं कापड स्वस्त वाटतं, पण पहिल्या धुण्यात चांगलंच आटतं आणि डाग लगेच पितं.

तयार माल पन्नास नगांच्या खाली देत नाही म्हणणारे व्यापारी भेटतात. तिथे घासाघीस करत बसू नका, दुसरं दुकान बघा. उरलेले तेहतीस टी-शर्ट पडून राहिले तर स्वस्त दर कुठल्या कुठे जातो.

७. ऑर्डर कधी द्यावी?

मे आणि जूनमध्ये देऊ नका. शिंपी आणि कापडवाले शाळेच्या गणवेशांत बुडालेले असतात. गणपती ते दिवाळी हाही त्यांचा हंगामच. जानेवारी ते मार्च हा काळ सर्वात बरा: शिंप्याला वेळ असतो, तुम्हाला नमुना धुऊन बघायला वेळ मिळतो आणि आखाडाच्या आत सगळं हातात येतं. तो काळ हुकला असेल तर निदान एप्रन तरी एप्रिलमध्ये शिवून घ्या.

८. माप कसं घ्यायचं? प्रत्येकाला टेप लावत बसू का?

टेप लावू नका. पोरं छाती फुगवून उभी राहतात आणि मावशींना ते अवघड वाटतं. त्यापेक्षा प्रत्येकाला सांगा, अंगाला नीट बसणारा एक शर्ट घरून घेऊन ये. तो टेबलावर सपाट पसरा, बटणं लावा, काखेपासून काखेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. हे झालं कपड्याचं माप. व्यापारी एम, एल म्हणतो तेव्हा त्याच्या मालाचंही माप असंच काढून घ्या. एकाचा एल दुसऱ्याच्या एमएवढा असतो, अक्षरावर भरवसा ठेवून चालत नाही.

छातीच्या मापापेक्षा कपडा चार-पाच इंच सैल असावा. आतल्या माणसाला सैलपणा जरा जास्तच लागतो, कारण तो वरच्या फळीवरचा डबा काढतो आणि खाली वाकून पातेलं उचलतो. नमुन्याचा शर्ट घालायला देऊन या दोन्ही गोष्टी करायला सांगा. हात वर केल्यावर शर्ट पँटीतून पूर्ण बाहेर आला तर लांबी कमी आहे, वाकल्यावर पाठीत ताणला तर छाती कमी आहे. आतल्यांच्या बाह्या कोपराच्या खालपर्यंत घ्या. अर्ध्या बाहीत तळणीचे चटके बसतात आणि लांब लोंबती बाही रश्श्यात जाते.

पँट मालकाने घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. कंबर, उंची, मांडी अशी तीन मापं जुळवायची आणि माणूस गेला की ती दुसऱ्याला बसत नाही. काळी साधी पँट ज्याची त्याने वापरावी, आतल्यांनी सुती.

९. माणूस पंधरा दिवसांत पळतो. त्याच्या मापाचा शर्ट शिवून काय करू?

माणसाच्या मापाचं शिवूच नका. एम, एल आणि एक्सएल एवढ्या तीन मापांत सगळं बसवा आणि कपडे दुकानाचे आहेत असं धरा, माणसाचे नाही. बाहेरच्या पाच जणांत बहुधा दोन एम, दोन एल आणि एक एक्सएल निघतो. प्रश्न ३ मधले दोन जादा टी-शर्ट याचसाठी आहेत. मापाची ओळख म्हणून कॉलरच्या आत रंगीत धाग्याचे दोन टाके घालून घ्या: एमला पांढरा, एलला लाल, एक्सएलला निळा. घडीतून कपडा काढणाऱ्याला वाचावं लागत नाही, आणि धुऊन खुणेची अक्षरं गेली तरी धागा राहतो.

नव्या पोराला पहिल्या महिन्यात फक्त एप्रन आणि टोपी द्या, आत त्याचा स्वतःचा साधा गडद टी-शर्ट चालेल. एप्रनला माप नसतंच. गळ्याचा बंद मात्र शिवून बंद करू नका, एका बाजूला मोकळा ठेवा, म्हणजे बुटक्याला आणि उंचाला एकच एप्रन बसतो. फार जाड माणसाला ७० सेंटीमीटर रुंदी पुरत नाही. त्याच्यासाठी ९० रुंदीचे तीन वेगळे शिवा आणि त्यांना वेगळ्या रंगाची पट्टी लावा, नाहीतर ते नेमके किरकोळ पोराच्या अंगावर जातात.

१०. एप्रन धुवायला घरी नेऊ द्यावेत का? परीट बरा की मशीन?

घरी देऊ नका. घरच्या कपड्यांत, लहान मुलांच्या दुपट्यांत मटणाच्या चरबीचा एप्रन कोण घालणार? तो न धुताच परत येतो, किंवा येतच नाही. शिवाय येताना तो पिशवीत भाजीबरोबर आला की स्वच्छ एप्रनला काही अर्थ उरत नाही.

परीट की मशीन हे नगांवर ठरतं. वर धरलेल्या दुकानात रोज आठ पूर्ण एप्रन, सरासरी दोन अर्धे, आठ कपडे आणि दोन कोट धरले तर वीसेक नग होतात. परटाचा दर नगाला आठ रुपये धरला तरी रोजचे १६० आणि महिन्याचे ४,८०० होतात. म्हणजे जुनं पण चालू मशीन चार-पाच महिन्यांत वसूल होतं. मशीनचा खरा फायदा आखाडात कळतो: त्यातून पिळून निघालेलं कापड हाताने पिळलेल्याच्या मानाने कितीतरी कोरडं असतं. त्यावर बंद खोलीत दोरी आणि पंखा लावला, खिडकी थोडी उघडी ठेवली, तर तीन दिवसांचा फेरा दोनवर येऊ शकतो. स्वयंपाकघरात, भट्टीच्या वर दोऱ्या बांधून वाळवू नका. कपडे वाळतात, पण फोडणीचा धूर आणि तेल त्यांतच मुरतं, आणि दोरी तुटली तर कापड थेट जाळावर पडतं.

११. तांबड्या रश्श्याचे आणि हळदीचे डाग निघत नाहीत. क्लोरीनची पावडर टाकू का?

क्लोरीन नको. रंगीत कापडावर पांढरे चट्टे पडतात, आणि सुती धागा कमजोर होऊन एप्रन वर्षाच्या आत विरतो.

तांबड्या कटाचा रंग मिरचीचा असतो आणि तो पाण्यात नाही, तेलात विरघळतो. म्हणून एप्रन आधी पाण्यात बुडवला की डाग पसरतो आणि बसतो. कोरड्या डागावरच भांड्याचं लिक्विड चोळा, दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवा, मग गरम पाण्यात टाका. पाणी हाताला चांगलं चटका देणारं, साठ अंशांच्या आसपास असावं. मटणाची चरबी गार पाण्यात थिजते आणि धाग्यात अडकून राहते. दोन महिन्यांनी एप्रनला येणारा खवट वास त्याचाच असतो.

हळदीचा डाग साबण लागला की लालभडक होतो. अनेक जण तिथेच घाबरून पावडर ओततात. काही बिघडलेलं नसतं, साबणाच्या क्षाराने हळद लाल होते आणि नीट खंगाळली की पुन्हा पिवळी पडते. राहिलेला पिवळा डाग उन्हात घाला. हळदीचा रंग उन्हाने उडतो, दोन-तीन उन्हांत फिका होतो. पावसाळ्यात ती सोय नाही, तेव्हा ऊन मिळेपर्यंत तो डाग तसाच राहू द्या. धुतलेल्या एप्रनावरचा फिका पिवळा डाग म्हणजे घाण नव्हे.

१२. एप्रनला रंग कोणता? काळा घेतला तर मळ दिसत नाही.

म्हणूनच आत काळा घेऊ नका. मळ दिसला नाही तर तो बदलण्याची आठवण कोणालाच होत नाही. शिवाय भाकरीच्या मावशींच्या काळ्या एप्रनावर ज्वारीचं पीठ पहिल्या पाच मिनिटांत दिसतं. पांढरा एप्रन दुसऱ्या टोकाचा, आठवड्यात पिवळसर होतो. आत खाकी किंवा फिकट राखाडी घ्या, मळ दिसतो आणि जुना डाग डोळ्यांत खुपत नाही. बाहेर गडद मरून चांगला, ताट ठेवताना उडालेला रश्श्याचा थेंब त्यावर लपतो आणि वाढपी दिवसभर नीट दिसतो. दोन रंग असल्याचा आणखी एक फायदा: बाहेरचा एप्रन आत आणि आतला बाहेर गेला की लगेच कळतं.

त्याच रंगाचं कापड पुढच्या वर्षी मिळेल या भरवशावर राहू नका. लॉट बदलला की छटा बदलते. जादा दोन मीटर कापड घ्यायला सांगितलंय ते त्यासाठीच.

१३. यात्रेला, नवरात्रात आठ-दहा जास्तीची माणसं येतात. त्यांना काय द्यायचं?

एप्रन आणि टोपी, बस. चैत्रात जोतिबाची यात्रा असो की नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी, दोन्ही वेळी ऊन असतं आणि फेरा दोन दिवसांचा असतो. त्यामुळे प्रश्न ३ मधले आठ एप्रन मोकळे असतात. रोज चार माणसांना एकेक दिला तरी दोन दिवसांचे पुरतात. आठ माणसं आली तर आणखी आठ लागतील. त्यासाठी नवे शिवण्याऐवजी ओळखीच्या केटरिंगवाल्याकडून आठवड्यापुरते आणा, पण आधी मोजून आणि खूण करून.

१४. एप्रन हरवतात. हिशोब कसा ठेवायचा?

वही नको, अदलाबदल ठेवा. मळका दिल्याशिवाय स्वच्छ मिळणार नाही, एवढा एकच नियम. सकाळी काउंटरवाला घडीतून वाटप करतो. दुपारी वस्ताद मळका टोपलीत टाकतो आणि मगच दुसरा घेतो. प्रत्येक एप्रनाच्या आतल्या बाजूला १ ते २४ आकडे घाला. दर रविवारी घडी, टोपली आणि दोरी मिळून चोवीस भरतात का बघा. सतरा नंबर सापडत नसेल तर बहुतेक वेळा तो गॅसच्या शेगडीमागे पुसणं म्हणून पडलेला असतो.

धुतलेले एप्रन घडीच्या खाली घाला आणि वापरायला वरून काढा, नाहीतर वरचे पाच-सहाच सतत धुतले जातात आणि बाकीचे कोरे राहतात. स्वच्छ घडी आणि मळकी टोपली एका खोलीत चालतील, एका कपाटात नाही. बाथरूमला किंवा समोरच्या टपरीवर चहाला जाताना एप्रन काढायचा. दाराजवळ चार खुंट्या ठोका, खुंटी नसेल तर कोणी काढत नाही.

१५. फाटला, हरवला तर पगारातून कापता येतो का?

वापरून झिजला, डाग पडला, तर नाही. वेतनाच्या कायद्यात कोणत्या कपाती चालतात याची यादी आहे. ताब्यात दिलेली वस्तू माणसाच्या हलगर्जीने हरवली किंवा खराब झाली तर तेवढ्याच नुकसानीची कपात करता येते, आणि त्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. नोकरी सोडताना सगळ्यांचेच पाचशे रुपये सरसकट अडकवून ठेवणं यात बसत नाही. एक एप्रन दीडेकशे रुपयांचा आहे, त्यासाठी माणसाशी भांडण परवडत नाही. पूर्ण टी-शर्ट घेऊन गेलेल्याची गोष्ट वेगळी, पण त्यासाठी दिल्याची सही हवी.

१६. मावशी साडीवर काम करतात आणि कोट नको म्हणतात.

उकडतं म्हणून नको म्हणतात, आणि चुलीपुढे उकडतंच. पण सिंथेटिक साडीचा पदर भाकरी भाजताना जाळाकडे गेला तर काय होतं ते प्रश्न ५ मध्ये आहे. कोट पातळ सुती घ्या, कॉलर नको, पुढे उघडा आणि बंदांनी बांधायचा, म्हणजे पेटल्यास एका हिसक्यात निघतो. बटणं टाळायचं दुसरं कारण म्हणजे तुटलेलं बटण पिठात सापडतं. पदर कोटाच्या आत, कमरेला खोचलेला. कोट शिवण्याआधी एकच शिवून दोघींना दोन-दोन दिवस घालायला द्या आणि त्या सांगतील तिथे बाही कमी करा. त्यांनी सांगितलेल्या मापाचा कोट त्या घालतात, वरून लादलेला खुंटीवर राहतो.

१७. एखादा माणूस पगडी, फेटा किंवा हिजाब घालत असेल तर टोपीचं काय?

डोक्याचे केस झाकलेले असावेत एवढंच हवं. ते झाकणारं स्वच्छ सुती कापड रोज बदललेलं असेल आणि त्याची टोकं खोचलेली असतील तर वर टोपी घालायची गरज नाही. अशा माणसाला टोपीऐवजी त्याच किमतीत दुकानाच्या रंगाचं कापड द्या.

१८. एप्रन बाद कधी करायचा?

उजेडासमोर धरा. पोटाच्या भागातून आरपार उजेड दिसायला लागला, किंवा कडेचे धागे सुटून लोंबायला लागले, की तो स्वयंपाकघरातून बाहेर. सुटलेला धागा रश्श्यात सापडला तर गिऱ्हाइकाला तो केसच वाटतो. नुसता बंद तुटला असेल तर नवी निवारपट्टी लावून आणखी चार-सहा महिने चालतो. बाद केलेल्या एप्रनाचे चार तुकडे करून, बंद कापून, मगच फरशीला द्या. अख्खा ठेवला की कोणीतरी आखाडात तो पुन्हा गळ्यात घालतो.